सूरह अल-मुज्जम्मिलची विसावी आयत: मक्की की मदनी, आणि हे ठरते कसे

प्रश्न: माझ्याकडच्या कुरआनात सूरह अल-मुज्जम्मिलच्या शिरोभागी 'मक्की' असे छापले आहे, पण अनुवादाच्या टिपेत तिची शेवटची आयत मदनी असल्याचे लिहिले आहे. एकच सूरह दोन्हीकडची कशी असू शकते? लहान आयती मक्की आणि मोठ्या आयती मदनी, एवढाच नियम आहे का? आणि हे मुळात ठरवले कोणी?

उत्तर:

आपण नेमकी तीच सूरह निवडली आहे जी मी तफसीरच्या, म्हणजे कुरआनच्या भाष्याच्या, वर्गात दरवर्षी या विषयासाठी घेतो, कारण मक्की-मदनी ठरवण्याच्या दोन्ही वाटा तिच्या शेवटच्या आयतीपाशी एकमेकींना छेदतात. त्या आयतीकडे येण्याआधी या दोन शब्दांचा अर्थ पक्का करून घेतला पाहिजे, कारण बहुतेक गोंधळ तिथेच सुरू होतो.

मक्का आणि मदीना ही शहरे असल्यामुळे 'मक्की' म्हणजे मक्केत अवतरलेली आणि 'मदनी' म्हणजे मदीनेत अवतरलेली, असे कोणालाही वाटेल. काही जुन्या विद्वानांनी तसा अर्थ घेतलाही होता. पण मग सूरह अल-फतहचे काय करायचे? ती हिजरी सन ६ मध्ये हुदैबियाच्या करारानंतर परतीच्या वाटेवर अवतरली, म्हणजे ती धड एका शहरात नाही आणि धड दुसऱ्यातही नाही. सूरह अल-माइदाच्या तिसऱ्या आयतीतील 'आज मी तुमच्यासाठी तुमचा धर्म परिपूर्ण केला' हे वाक्य तर मक्केच्या परिसरातच, अराफातच्या मैदानावर, हिजरी सन १० च्या अखेरच्या हजच्या वेळी अवतरले. हजरत उमर (र.) यांनी तो दिवस शुक्रवारचा होता, असे सांगितल्याचे सहीह बुखारी या हदीससंग्रहात आहे. स्थळाची कसोटी लावली तर हे वाक्य मक्की ठरेल आणि त्याच्या मागच्या-पुढच्या हलाल-हरामच्या आयती मदनी ठरतील, ज्यातून वाचकाच्या हाती काहीच लागत नाही.

दुसरी एक व्याख्या संबोधनावर आधारलेली होती: 'हे लोकहो' असे संबोधन असेल तर ती आयत मक्केच्या लोकांसाठी आणि 'हे श्रद्धावंतांनो' असे असेल तर मदीनेच्या लोकांसाठी. या नियमाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात बरेच तथ्य आहे, पण पहिला अर्धा टिकत नाही. सूरह अन-निसाची पहिलीच आयत 'हे लोकहो' अशी सुरू होते आणि ती सूरह वारसाहक्क, विवाह आणि अनाथांच्या मालमत्तेच्या नियमांनी भरलेली, निर्विवाद मदनी आहे. शिवाय कुरआनातील बहुसंख्य आयतींमध्ये या दोहोंपैकी कोणतेच संबोधन नाही, तेव्हा त्यांचे वर्गीकरण या व्याख्येने होणारच नाही.

म्हणून जी व्याख्या रूढ झाली ती काळाची आहे. हिजरतीच्या, म्हणजे इ.स. ६२२ मध्ये प्रेषित मक्का सोडून मदीनेला गेले त्याच्या, आधी जे अवतरले ते मक्की, मग ते मक्केबाहेर अवतरलेले का असेना. आणि हिजरतीनंतर जे अवतरले ते मदनी, मग ते अराफातवर, तबूकच्या वाटेवर किंवा खुद्द मक्केत अवतरलेले असो. या व्याख्येतून एकही आयत सुटत नाही आणि कोणतीही आयत दोन्हीकडे पडत नाही. शिरोलेखातला 'मक्की' हा शब्द वाचताना मनात गावाचे नाव न आणता तारीख आणावी, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो.

आता ठरवले कोणी, याबद्दल. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः अमुक सूरह मक्की आणि अमुक मदनी अशी यादी सांगितलेली नाही. काजी अबू बक्र अल-बाकिल्लानी (मृत्यू हिजरी ४०३) यांनी हे स्पष्टपणे मांडले आहे, आणि त्यांच्या मते ही माहिती सहाबांच्या, म्हणजे प्रेषितांच्या साथीदारांच्या, व त्यांच्यानंतरच्या पिढीच्या, म्हणजे ताबिईनच्या, स्मरणातून आली आहे. सहाबांना अशा यादीची गरजही नव्हती, कारण त्यांच्या डोळ्यांसमोरच सारे घडत होते. हजरत अब्दुल्लाह इब्न मसऊद (र.) शपथेवर म्हणत की अल्लाहच्या ग्रंथातील प्रत्येक सूरह कोठे अवतरली हे त्यांना ठाऊक आहे. ज्यांनी हे प्रत्यक्ष पाहिले ते हळूहळू जग सोडून जाऊ लागले आणि इराकसारख्या नव्या प्रदेशांत कुरआन शिकणारी पिढी मोठी झाली, तेव्हा लोक त्यांना प्रश्न विचारू लागले.

असा एक प्रसंग बुखारीत आहे. इराकमधून आलेला एक मनुष्य हजरत आयशा (र.) यांना त्यांची कुरआनची प्रत दाखवण्याची विनंती करतो, कारण त्याला सूरहांचा क्रम जुळवायचा आहे. त्या म्हणतात की कोणती सूरह आधी वाचली याने काही बिघडत नाही. सर्वांत आधी ज्या सूरह आल्या त्यांत स्वर्ग आणि नरक यांचा उल्लेख होता, आणि लोक इस्लामकडे वळून स्थिरावले तेव्हा हलाल-हरामचे आदेश आले. पहिलाच आदेश 'दारू पिऊ नका' असा आला असता तर लोक म्हणाले असते, आम्ही दारू कधीच सोडणार नाही. पुढे त्या सांगतात की सूरह अल-कमरमधील 'अंतिम घटका हीच त्यांच्या वायद्याची वेळ आहे' ही आयत मक्केत उतरली तेव्हा त्या खेळण्याच्या वयाची मुलगी होत्या, आणि अल-बकरा व अन-निसा या सूरह उतरल्या तेव्हा त्या प्रेषितांच्या घरात होत्या. आयुष्यातल्या आठवणीला आयत बांधून तिची तारीख सांगायची, ही पद्धत इथे स्वच्छ दिसते. काय आधी आले, काय नंतर आणि का, याचे जे सूत्र त्यांनी दोन वाक्यांत सांगितले, त्याच्यावर नंतरच्या ग्रंथांनी तपशीलच चढवला आहे.

या पहिल्या वाटेला जाणकार 'समाई' म्हणतात, म्हणजे ऐकीव, रिवायतीवर, म्हणजे पिढ्यांतून सांगत आलेल्या कथनांवर, आधारलेली. दुसरी वाट 'कियासी', म्हणजे अनुमानाची. ज्या सूरहांचा काळ रिवायतींनी निश्चित आहे त्यांची वैशिष्ट्ये टिपायची, आणि ज्यांच्याबद्दल रिवायत नाही किंवा रिवायती परस्परविरोधी आहेत त्यांना ती लावून पाहायची. हिजरी आठव्या शतकातील अज-जरकशी आणि त्यांच्यानंतर अस-सुयूती (मृत्यू हिजरी ९११) यांनी अशी लक्षणे संकलित केली. नमुन्यादाखल एक पाहू. 'कल्ला' हा शब्द, ज्याचा आशय 'मुळीच नाही, खबरदार' असा होतो, कुरआनात ३३ वेळा, १५ सूरहांमध्ये येतो, त्या सर्व मक्की आहेत आणि सर्व कुरआनच्या उत्तरार्धात आहेत. कारण समजण्यासारखे आहे. हा दटावणीचा शब्द आहे, आणि दटावणी समोर उभ्या असलेल्या उन्मत्त, श्रीमंत, थट्टा करणाऱ्या विरोधकाला केली जाते. तो विरोधक मक्केतील कुरैश टोळीचा सरदार होता. याउलट मुनाफिकांचा, म्हणजे वरून मुसलमान आणि आतून विरोधी असलेल्यांचा, उल्लेख मदनी भागात येतो, कारण मक्केत मुसलमान होणे म्हणजे मार खाणे होते, तेव्हा तसे ढोंग करण्यात कोणाचाच फायदा नव्हता. सूरह अल-अन्कबूत मक्की असूनही तिच्या ११व्या आयतीत मुनाफिकांचा शब्द आहे, आणि म्हणूनच तिच्या सुरुवातीच्या आयती मदनी असाव्यात असे काहींनी मानले.

इथे एक धोका आहे आणि तो अनुभवी माणसालाही चकवतो. लक्षणे रिवायतींनी निश्चित केलेल्या सूरहांवरून काढली गेली. आता त्याच लक्षणांनी रिवायतीला खोडायला निघालो तर आपण वर्तुळात फिरू लागतो. 'या आयतीत मुनाफिक आहेत म्हणून ती मदनी, आणि पाहा, मुनाफिक फक्त मदनी आयतींतच येतात' असे म्हणण्याने काहीच सिद्ध होत नाही. लक्षण बहुसंख्य उदाहरणांवरून बनते, आणि अपवादाला अपवाद म्हणून जगू द्यावे लागते.

किती सूरह कोणत्या गटात, याचा आकडाही म्हणून एकच नाही. अस-सुयूतींनी अबुल हसन इब्न अल-हस्सार यांची मोजणी दिली आहे: २० सूरह सर्वसंमतीने मदनी, १२ वादग्रस्त, आणि उरलेल्या ८२ मक्की. १९२४ साली कैरोत छापलेल्या प्रमाण प्रतीत ८६ मक्की आणि २८ मदनी असा हिशेब आहे, आणि आज बहुतेक ठिकाणी तोच उद्धृत होतो. वादग्रस्त बारांपैकी सूरह अर-रहमान पाहा. तिची भाषा, तिचे पुनःपुन्हा येणारे ध्रुपद, तिच्यातील प्रलयाचे व स्वर्गाचे चित्र, हे सारे मक्की वाटते. इब्न इसहाक यांनी नोंदवले आहे की इब्न मसऊद (र.) यांनी मक्केत काबाजवळ कुरैशच्या तोंडावर हीच सूरह मोठ्याने म्हटली आणि मार खाल्ला. तरी कैरोच्या प्रतीत ती मदनी छापली गेली, कारण तशाही रिवायती आहेत आणि त्या मंडळाने त्यांना वजन दिले. माझे मत बहुसंख्य मुफस्सिरांप्रमाणे ती मक्की असल्याचे आहे. तात्पर्य हे की शिरोलेखातला शब्द हा एका विद्वत्-मंडळाचा निर्णय असतो, कुरआनच्या मजकुराचा भाग नसतो. जुन्या हस्तलिखितांत तो वेगळ्या शाईत लिहिला जाई तो याचसाठी.

आता तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग. एक सूरह दोन्ही काळांची असू शकते, कारण बऱ्याच सूरह एका बैठकीत अवतरल्या नाहीत. हजरत इब्न अब्बास (र.) यांच्याकडून असे नोंदवले आहे की एखाद्या सूरहची सुरुवात मक्केत अवतरली तर ती मक्की म्हणून लिहिली जाई, आणि मग अल्लाह तिच्यात इच्छेला येईल तेवढी भर घाली. म्हणजे शिरोलेख सूरहच्या सुरुवातीबद्दल किंवा मोठ्या भागाबद्दल सांगतो, आणि अपवादात्मक आयतींची नोंद स्वतंत्रपणे ठेवावी लागते.

सूरह अल-मुज्जम्मिल आता उघडून समोर ठेवा. 'हे चादर लपेटून घेणाऱ्या' अशी हाक मारून ती प्रेषितांना रात्रीचा थोडा भाग वगळून उभे राहण्याचा, म्हणजे रात्रीच्या नमाजचा, आदेश देते: अर्धी रात्र, किंवा त्याहून थोडी कमी, किंवा थोडी अधिक. मग 'आम्ही तुझ्यावर एक भारी वचन टाकणार आहोत' हे वाक्य येते, मग लोकांच्या बोलण्यावर धीर धरण्याची सूचना, मग बेड्या आणि धगधगत्या आगीची ताकीद, पर्वत वाळूच्या ढिगासारखे विरघळण्याचा दिवस, आणि फिरऔनचे उदाहरण. आयती आखूड आहेत. पहिल्या १९ आयतींत सर्वांत लांब आहे ती पंधरावी, आणि तीही अवघ्या ११ शब्दांची. दुसऱ्या आयतीपासून एकोणिसाव्यापर्यंत यमक अखंड चालते: कलीला, तरतीला, सकीला, तवीला, आणि शेवटी सबीला. काही ठिकाणी अक्षर बदलते पण अंत्य 'आ' सुटत नाही.

मग येते विसावी आयत, एकटीच ७८ शब्दांची. यमक तुटते, ती 'गफूरुन रहीम', म्हणजे क्षमाशील व दयाळू, या शब्दांवर संपते. आशयही बदलतो. तुमच्या प्रभूला ठाऊक आहे की तू आणि तुझ्यासोबतचे काही लोक रात्रीच्या दोन-तृतीयांशापर्यंत, अर्ध्यापर्यंत, एक-तृतीयांशापर्यंत उभे राहता. तुम्हाला हा हिशेब जमणार नाही हे त्याने जाणले. म्हणून कुरआनमधून सहज जमेल तेवढे वाचा. सवलतीची कारणे पुढे दिली आहेत: तुमच्यापैकी काही आजारी असतील, काही अल्लाहच्या कृपेच्या शोधात भूमीवर प्रवास करत असतील, आणि काही अल्लाहच्या मार्गात लढत असतील. शेवटी नमाज कायम करा, जकात द्या आणि अल्लाहला चांगले कर्ज द्या. भारतीय छपाईच्या प्रतीत समासातले रुकूचे, म्हणजे वाचनाच्या परिच्छेदाचे, चिन्ह पाहिले तर या एका आयतीचा एक संपूर्ण रुकू केलेला आढळेल. ज्यांनी रुकू पाडले त्यांनाही हा सांधा जाणवला होता.

ती मदनी मानणाऱ्यांचे म्हणणे आशयावरून आहे, आणि ते हलके नाही. लढण्याची परवानगी हिजरतीनंतर मिळाली. मक्केत हात आवरण्याचा आदेश होता. जकातीचे प्रमाण व वसुली मदीनेत ठरली. 'अल्लाहला चांगले कर्ज द्या' हा वाक्प्रयोग या आयतीशिवाय अल-बकरा, अल-माइदा, अल-हदीद आणि अत-तगाबुन यांत येतो, आणि कैरोच्या यादीप्रमाणे त्या चारही मदनी आहेत. त्यावर आयतीची लांबी आणि शेवट. आपल्याकडे वाचल्या जाणाऱ्या उर्दू भाष्यांपैकी मौलाना मौदूदी यांचे भाष्य याच बाजूचे आहे, तेव्हा तुमच्या अनुवादातील टीप बहुधा याच युक्तिवादावर उभी असावी.

दुसऱ्या बाजूला रिवायत आहे, आणि तीही सहीह मुस्लिममधली. साद इब्न हिशाम हे हजरत आयशांना प्रेषितांच्या रात्रीच्या नमाजविषयी विचारतात. त्या उलट विचारतात, तुम्ही 'या अय्युहल मुज्जम्मिल' वाचत नाही का? मग सांगतात की या सूरहच्या सुरुवातीला अल्लाहने रात्रीची नमाज अनिवार्य केली, प्रेषित आणि त्यांचे साथी वर्षभर उभे राहिले, अल्लाहने सूरहचा शेवट बारा महिने आकाशात रोखून धरला, आणि मग त्या शेवटात सवलत उतरवली, म्हणून जी नमाज अनिवार्य होती ती ऐच्छिक झाली. अबू दाऊद यांच्या संग्रहात इब्न अब्बास यांचेही म्हणणे आहे की सुरुवात आणि शेवट यांच्यात सुमारे एका वर्षाचे अंतर होते. सूरहची सुरुवात अगदी प्रारंभीच्या काळातली, पारंपरिक क्रमानुसार अल-अलक आणि अल-कलम यांच्यानंतरची, मानली जाते. त्यात एक वर्ष मिळवले तरी आपण हिजरतीच्या दहाएक वर्षे आधीच राहतो. अस-सुयूतींनी शेवटची आयत अपवाद मानण्याचे मत नोंदवून लगेच ते हजरत आयशांच्या कथनाने खोडले आहे.

मग लढण्याच्या उल्लेखाचे काय? इथे व्याकरण पाहायला हवे. अरबी वाक्य 'सयकूनु मिन्कुम' असे आहे, आणि त्यातील 'स' हा भविष्यकाळाचा प्रत्यय आहे: तुमच्यापैकी काही असे 'होतील'. लढाई सुरू आहे, असे आयत म्हणत नाही. इब्न कसीर यांनी याच आधारे लिहिले की ही आयत, किंबहुना संपूर्ण सूरह, मक्की आहे आणि लढण्याचा आदेश येण्याआधीच त्याचे सूतोवाच करते. असा दुसरा दाखला सूरह अल-कमरमध्ये आहे: 'सयुह्जमुल जमउ', ही फौज पराभूत होईल. हजरत आयशांनी बालपणी ऐकलेली आयत हिच्या लगतचीच. म्हणजे आयत मक्केतली आणि तिचा अर्थ उलगडला तो हिजरतीनंतर, बद्रच्या रणांगणावर. जकातीबाबतही तसेच आहे. जकात हा शब्द निर्विवाद मक्की सूरहांत, उदाहरणार्थ लुकमान आणि अन-नम्लमध्ये, येतो. मदीनेत ठरले ते तिचे प्रमाण. म्हणजे मदनी पक्षाचे दोन मोठे पुरावे बरेच सैल होतात, आणि हातात उरतात ते वाक्प्रयोग, लांबी आणि शेवट.

पण रिवायतीची बाजूही जितकी घट्ट दिसते तितकी नाही. तबरींनी सईद इब्न जुबैर यांच्याकडून दिलेल्या कथनात हे अंतर एका वर्षाचे नसून दहा वर्षांचे आहे, आणि ते खरे धरले तर आपण हिजरतीच्या उंबरठ्यावर येतो. आणखी एका कथनात हजरत आयशा प्रेषितांच्या घरातील चटईची आणि रात्री जमणाऱ्या लोकांची हकीकत सांगून तिच्याशी या सूरहचा संबंध जोडतात, अंतर आठ महिन्यांचे सांगतात. ती हकीकत मदीनेतलीच असू शकते. इब्न कसीर यांनी हे कथन विचित्र ठरवले: मूळ हकीकत सहीह संग्रहांत आहे, पण तिथे सूरह अवतरल्याची भर नाही, आणि आठ महिन्यांचा आकडा साद इब्न हिशाम यांच्या कथनाशी जुळत नाही. शिवाय एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे. सूरहची सुरुवात आणि तिच्यानंतरचे वर्ष हा काळ हजरत आयशांच्या प्रत्यक्ष आठवणीतला असू शकत नाही, कारण रूढ कालगणनेप्रमाणे तेव्हा त्यांचा जन्मही झाला नव्हता. त्यांनी ते ज्येष्ठ सहाबांकडून ऐकले असणार. हदीसशास्त्र सहाबांचे असे कथन ग्राह्य धरते, आणि ते योग्यच आहे, पण 'मी तेव्हा खेळण्याच्या वयाची होते' या साक्षीपेक्षा ही साक्ष वेगळ्या जातीची आहे.

माझा स्वतःचा कल विसावी आयत मक्की मानण्याकडे आहे, आणि तो एका साध्या कारणाने. सवलतीचे वाक्य ज्यांना उद्देशून आहे ते लोक अजून त्या आदेशाच्या ओझ्याखाली आहेत. 'तुझ्यासोबतचे काही लोक' हा शब्दप्रयोग लहान, एकत्र राहणाऱ्या, ओळखीच्या मंडळीचा आहे. पाच वेळची नमाज ठरल्यानंतर आणि मदीनेत शेकडो कुटुंबे सामील झाल्यानंतर बरीच वर्षे रात्रीच्या नमाजचे हे बंधन तसेच राहिले आणि मग उठले, असे मानणे मला अवघड जाते. विद्यार्थी मदनी मत मांडतात तेव्हा मी त्यांना चूक ठरवत नाही. फक्त लढाईच्या उल्लेखावर विसंबू नका, वाक्प्रयोगावर विसंबा, एवढेच सांगतो. आधुनिक युरोपीय अभ्यासकांपैकी नोल्डेके (१८६०) यांनी सूरह पहिल्या मक्की कालखंडात आणि ही आयत मदीनेत ठेवली ती मुख्यतः शैली व आशय पाहून. रिवायत बाजूला ठेवली तर तसेच दिसते, हे मान्य केले पाहिजे.

यावरून शैलीचा नियम किती दूर नेता येतो, ते कळते. आखूड आयती का मक्की आणि लांब का मदनी, याचे कारण श्रोत्यात आहे. सूरह अश-शम्समध्ये पहिल्या सात आयती शपथांच्या आहेत, सूर्याची, चंद्राची, दिवसाची, रात्रीची, आणि पंधराही आयतींचा शेवट 'हा' या एकाच ध्वनीवर होतो. हे ऐकणाऱ्याला थांबवण्यासाठी आहे. तो ऐकायला तयार नाही, चालता चालता कानावर पडेल तेवढेच घेणार आहे. याउलट अल-बकराची २८२वी आयत, कुरआनातील सर्वांत लांब, उधारीचा व्यवहार कसा लिहून ठेवावा ते सांगते: लेखक कोण, मजकूर कोणी सांगायचा, साक्षीदार किती, रोखीच्या व्यवहारात काय. ऐकणारा आता स्वतःहून बसला आहे आणि त्याला अटी व अपवाद नेमके हवे आहेत. अटी-अपवादांच्या लांब वाक्यात प्रत्येक टप्प्यावर यमक साधत नाही, म्हणून ते शेवटच्या छोट्या वाक्यात सरकते: अल्लाह सर्वज्ञ आहे, तत्त्वदर्शी आहे, क्षमाशील आहे. विसाव्या आयतीचा 'गफूरुन रहीम' हा शेवट याच घडणीचा आहे. ती आयत मक्की असेल तर लांबी कोठून आली, याचेही उत्तर इथेच मिळते. तिच्यात आदेश आहे, हिशेब आहे, सवलत आहे आणि कारणे आहेत. ती आधीच विश्वास ठेवणाऱ्यांशी बोलते. शैली बदलते ती कामाप्रमाणे, आणि मदीनेत ते काम जास्त असल्यामुळे ती शैली तिथे जास्त आढळते. म्हणून १६५ आयतींची अल-अनआम मक्की असते आणि तीन आयतींची अन-नस्र मदनी असते.

आशयाच्या बाबतीत वर्गीकरणाचा खरा उपयोग एकाच विषयावरील आयतींचा क्रम लावताना होतो. दारूचेच घ्या. मक्की सूरह अन-नह्ल (आयत ६७) खजूर आणि द्राक्षांपासून तुम्ही मादक पेय व चांगले अन्न मिळवता, एवढेच म्हणते. लक्ष देणाऱ्याला 'चांगले' हे विशेषण फक्त दुसऱ्याला लावले आहे हे जाणवते. मदनी अल-बकरात (आयत २१९) तिच्यात मोठे पाप आणि काही लाभ आहेत, पण पाप लाभाहून मोठे आहे. अन-निसात (आयत ४३) नशेत नमाजच्या जवळ जाऊ नका. आणि अल-माइदात (आयत ९०) तिच्यापासून दूर राहा. हा काळ ठाऊक नसेल तर या चार आयती परस्परविरोधी वाटतील, आणि कोणता आदेश अंतिम हे सांगता येणार नाही. फकीह लोकांनी, म्हणजे धर्मकायद्याच्या जाणकारांनी, मक्की-मदनीची एवढी चिकित्सा केली ती नासिख-मन्सूख, म्हणजे कोणत्या आदेशाने कोणता आदेश रद्द झाला, हे ठरवण्यासाठी. तिथे चूक महाग पडते. मुज्जम्मिलच्या शेवटच्या आयतीने तिच्या सुरुवातीचा आदेश शिथिल केला, आणि ती सुरुवातीनंतर आली, यावर मात्र दोन्ही पक्षांचे एकमत आहे. म्हणून आयत मक्की ठरो की मदनी, रात्रीची नमाज आज ऐच्छिक आहे, हा निर्णय जागचा हलत नाही.

शेवटी, तुमच्या टिपेबद्दल एक व्यावहारिक सूचना. कैरोच्या प्रतीच्या शिरोलेखात या सूरहच्या २०व्या आयतीबरोबर १०वी आणि ११वी याही मदनी म्हणून वगळल्या आहेत. त्या दोन आयतींत लोकांच्या बोलण्यावर धीर धरण्याचा आणि सुखवस्तू नाकारणाऱ्यांना अल्लाहवर सोपवण्याचा आदेश आहे, ज्यात मक्केबाहेरचे काहीही नाही. शैली आणि यमक दोन्ही आजूबाजूच्या आयतींशी एकजीव आहेत. तिथे मदनी मताला केवळ एका कथनाचा आधार आहे, तर २०व्या आयतीच्या बाबतीत मुख्य आधार आशयाचा आहे. तुमच्या अनुवादकाने या तिन्ही आयती वगळल्या असतील तर त्याने शिरोलेख जसाच्या तसा उतरवला आहे. फक्त २०वी वगळली असेल तर त्याने युक्तिवाद पारखून घेतला आहे.